उद्दिष्टांचा हिशेब
अनुदान-प्रस्तावाच्या अंदाजपत्रकाची आणि कालपत्रकाची परीक्षा

संशोधनासाठी अनुदान मागणारा प्रस्ताव परीक्षकाच्या हाती पडतो तेव्हा त्याचे पहिले लक्ष प्रश्नाच्या मांडणीकडे, पूर्वीच्या कामाच्या आढाव्याकडे आणि अर्जदाराच्या विद्वत्तेकडे जाते; शेवटच्या चार-पाच पानांवरचे अंदाजपत्रक, त्याखालचे समर्थनाचे परिच्छेद आणि महिन्यांच्या चौकटी रंगवून काढलेले कालपत्रक ही तो कारकुनी समजतो आणि ओझरत्या नजरेने पाहून शिफारशीकडे वळतो. अनेक वर्षे असे प्रस्ताव तपासल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही शेवटची पाने आधी नव्हे, पण सर्वांत सावकाश वाचावीत. अर्जदाराने उद्दिष्टे एकदा शब्दांत सांगितलेली असतात. तीच उद्दिष्टे तो दुसऱ्यांदा रुपयांत आणि तिसऱ्यांदा महिन्यांत सांगतो, आणि जेथे ही तीन निवेदने परस्परांशी जुळत नाहीत तेथे प्रत्यक्षात जे काम होणार असते ते शब्दांतले नसते, रुपयांतले असते. ज्या उद्दिष्टापुढे पैसा नाही ते उद्दिष्ट अर्ज मंजूर झाल्याच्या दिवशीच सोडून दिलेले असते, मग पहिल्या पानावर ते कितीही ठळक छापलेले असो.

या परीक्षेला निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळे स्थान दिले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत परीक्षक-मंडळ प्रस्तावाच्या गुणवत्तेला गुण देते, आणि मागितलेली रक्कम व मुदत वाजवी आहे की नाही याचा विचार त्यानंतर, गुणांवर परिणाम होऊ न देता, स्वतंत्रपणे करते. युरोपीय संघाच्या संशोधन-योजनेत मात्र कामाचे गट आणि प्रत्येक गटावर खर्च होणारे मनुष्य-महिने हे अंमलबजावणीच्या निकषाखाली प्रत्यक्ष गुणांकनातच मोजले जातात. आपल्याकडील केंद्रीय अनुदानांवर २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांची चौकट असते. वर्षाअखेरीस विनियोग-प्रमाणपत्र द्यावे लागते, मागील रकमेचा हिशेब लागल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही, आणि ३१ मार्चची सीमा संशोधनाच्या वर्षाशी बहुधा जुळत नाही. पद्धत कोणतीही असो, परीक्षकाला करावयाचे मूळ काम एकच राहते: उद्दिष्टांतून काम मोजणे, कामातून पैसा व वेळ मोजणे, आणि मग ते अर्जदाराच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहणे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. अर्जदाराचे अंदाजपत्रक आधी वाचले तर त्याचे आकडे डोक्यात घर करतात आणि मग परीक्षा म्हणजे ‘हा आकडा थोडा जास्त वाटतो, तो थोडा कमी’ एवढीच उरते. म्हणून मी प्रस्तावातील उद्दिष्टांचे आणि कार्यपद्धतीचे पान वाचून झाल्यावर कागद बंद करतो, आणि हे काम मला स्वतःला करावयाचे असते तर किती नमुने, किती दिवस, किती माणसे आणि कोणती उपकरणे लागली असती याची कच्ची फर्द तयार करतो. तिच्यात दर चुकला तरी हरकत नाही. संख्या चुकता कामा नये. मगच अर्जदाराचे अंदाजपत्रक उघडतो. ज्या बाबी माझ्या फर्दीत आहेत आणि त्याच्या पत्रकात नाहीत, तसेच ज्या त्याच्या पत्रकात आहेत आणि माझ्या फर्दीत नाहीत, त्या दोन याद्यांतच परीक्षेचे बहुतेक सारे द्रव्य असते.

हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. प्रस्ताव येथे समजुतीसाठी रचलेला आहे. त्यातील एकेक दोष मात्र मला खऱ्या प्रस्तावांत पुनःपुन्हा भेटलेला आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे हे सर्वश्रुत आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे मानले जाते. एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक या परिसरातील ३० गावांसाठी तीन वर्षांचा प्रकल्प मांडतात. पहिले उद्दिष्ट असे की १२० विंधन विहिरी व हापशांच्या पाण्यातील फ्लोराइडचा ऋतुमानानुसार होणारा चढउतार वर्षातून चार फेऱ्या करून दोन वर्षे नोंदवावा. दुसरे असे की त्या गावांतील शाळकरी मुलांच्या दातांवरील फ्लोराइडजन्य डागांची पाहणी करावी. तिसरे असे की ६० घरांत सक्रियित ॲल्युमिनाच्या पाणीगाळण्या बसवून मुलांच्या दातांवरील विकार कमी होतो की काय ते पाहावे.

मागणी ५४ लाख ८६ हजार रुपयांची आहे, संस्थेचा वरकड खर्च वेगळा. त्यात ३० लाख आयन-वर्णलेखन यंत्रासाठी, ११ लाख १६ हजार एका कनिष्ठ संशोधन अधिछात्रासाठी, ७ लाख २० हजार एका क्षेत्र-साहाय्यकासाठी, २ लाख रसायने व काचसामानासाठी, दीड लाख प्रवासासाठी, दीड लाख गाळण्यांसाठी आणि दीड लाख किरकोळ खर्चासाठी आहेत. कालपत्रकात पहिल्या दोन महिन्यांत यंत्रखरेदी व नेमणुका, तिसऱ्यापासून सव्विसाव्या महिन्यापर्यंत पाण्याचे नमुने, दहाव्यापासून बाराव्यापर्यंत शाळांची पाहणी, चोविसाव्यापासून तेहेतिसाव्यापर्यंत गाळण्यांचा प्रयोग आणि शेवटचे तीन महिने अहवालासाठी आहेत. बेरीज बरोबर आहे, चौकटी सुबक आहेत, आणि सहजदृष्टीला आक्षेपार्ह असे काहीच दिसत नाही.

प्रथम निम्म्याहून अधिक पैसा गिळणाऱ्या यंत्राकडे पाहू. समर्थनात लिहिले आहे की ‘अचूक विश्लेषणासाठी हे यंत्र अत्यावश्यक आहे’. हे समर्थन नव्हे, मागणीचाच पुनरुच्चार आहे. कारण पहिल्या उद्दिष्टात मोजावयाचा पदार्थ एकच आहे आणि फ्लोराइड मोजण्यासाठी आयन-निवडक विद्युदग्राची पद्धत पाण्याच्या प्रयोगशाळांत रूढ आहे. नमुन्यात आयनबल आणि आम्लता स्थिर ठेवणारे संमिश्रण मिसळायचे, विद्युदग्र बुडवायचे, आणि वाचन प्रमाणित द्रावणांच्या आलेखावरून काढायचे. असे उपकरण या कामासाठी दोनेक लाखांत बसवता येते असे मी धरतो. वर्णलेखन यंत्राचे सामर्थ्य हे की ते क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट इत्यादी अनेक आयन एकाच वेळी वेगळे करून मोजते. भूजलात फ्लोराइड कोठून आणि कोणत्या शिलारसायनाने येते हा प्रश्न अर्जदाराने विचारला असता तर त्या यंत्राला उद्दिष्टाचा आधार मिळाला असता. पण तो प्रश्न प्रस्तावात कोठेही नाही. म्हणून परीक्षकाने येथे दोनच शक्यता धराव्यात: एक तर उद्दिष्टांत एक न लिहिलेले उद्दिष्ट आहे, आणि ते लिहून काढायला सांगावे, किंवा प्रकल्पाच्या निमित्ताने विभागाची यंत्रसामग्री वाढवावी हा हेतू आहे, जो स्वतःशी गैर नसला तरी त्यासाठी स्वतंत्र योजनेकडे अर्ज करावयास हवा.

यंत्राचा परिणाम केवळ पैशाच्या रकान्यापुरता राहत नाही, आणि अंदाजपत्रक व कालपत्रक वेगवेगळे वाचणाऱ्या परीक्षकाच्या हातून नेमका हाच दुवा सुटतो. तीस लाखांच्या परदेशी बनावटीच्या यंत्राला वैशिष्ट्यांचा मसुदा, निविदा, तांत्रिक व आर्थिक छाननी, खरेदी-आदेश, पतपत्र, जकातीतून सुटका, मांडणी आणि प्रमाणन असे टप्पे ओलांडावे लागतात. ते आठ ते दहा महिन्यांत पार पडले तर संस्थेने आपले काम नेकीने केले असे म्हणावे लागेल. अर्जदाराने दोन महिने धरले आहेत. मग तिसऱ्या महिन्यात आणलेले नमुने दहाव्या महिन्यापर्यंत कोठे राहतील? फ्लोराइडसाठीचे पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत अठ्ठावीस दिवस ठेवता येते, त्यापुढे नाही असा रूढ मानदंड आहे. म्हणजे यंत्र येईपर्यंत जमवलेल्या फेऱ्या एक तर वाया जातील, किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेत मोजाव्या लागतील आणि त्या खर्चाची तरतूद पत्रकात नाही. खरेदी होण्यापूर्वीच मोजणी सुरू करणारे कालपत्रक हे मी पाहिलेल्या दोषांपैकी सर्वांत नित्याचे. ते ओळखण्याची रीत सोपी आहे: पत्रकातील प्रत्येक कामापुढे ‘हे कशाच्या आधारावर चालेल’ असे लिहावे, आणि तो आधार त्याआधीच्या चौकटीत खरोखर पुरा झालेला आहे काय ते पाहावे.

आता प्रवास. ही बाब लहान असते म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, परंतु क्षेत्रीय कामात उद्दिष्ट जगते किंवा मरते ते याच रकमेवर. ३० गावे, वर्षाला चार फेऱ्या, दोन वर्षे, म्हणजे २४० गावभेटी झाल्या. एका दिवसात दोन गावे धरली तर १२० दिवस. जीपगाडीचे भाडे इंधनासह दिवसाला साडेतीन हजार धरले तर ४ लाख २० हजार रुपये होतात. अर्जदाराच्या दीड लाखात जेमतेम ४३ दिवस बसतात, आणि त्यांत ८६ गावभेटी. म्हणजे आठ फेऱ्यांपैकी तीनसुद्धा पुऱ्या होत नाहीत. शिवाय दिवसाला दोन गावांचा हिशेब कोरड्या रस्त्यांचा आहे. भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडीवाटांवर एकेक गाव करता करता दिवस मावळतो, आणि ज्याने हे कधी अनुभवलेले नाही त्याच्या पत्रकात श्रावण आणि पौष यांची लांबी सारखीच असते. शाळांच्या पाहणीसाठी ३० दिवस आणि गाळण्यांच्या देखरेखीसाठी निदान २४ दिवस यांत मिळवले तर एकूण १७४ दिवस व ६ लाख ९ हजार रुपये होतात. पावसाळ्याची सूट धरून सात लाख म्हणणे वाजवी. येथे परीक्षकाने रक्कम कमी करण्याची नव्हे, वाढवण्याची शिफारस केली पाहिजे, आणि ती करताना संकोचण्याचे कारण नाही. कमी मागणारा अर्जदार काटकसरी असतो असे नाही. पुष्कळदा तो फक्त कामाची मोजणी न करता आकडा लिहिणारा असतो.

रसायनांच्या दोन लाखांचीही गत तीच आहे. १२० विहिरी आठ वेळा म्हणजे ९६० नमुने. त्यांत दुबार व कोरे नमुने दहा टक्के मिळवले की १,०५६. दोन लाखांना या संख्येने भागले तर नमुन्यामागे सुमारे १९० रुपये पडतात. ही रक्कम विद्युदग्राच्या पद्धतीला पुरेल, वर्णलेखनाच्या यंत्राला त्याचे स्तंभ, दाबक आणि देखभाल धरून बहुधा पुरणार नाही. पण मुद्दा पुरण्या-न-पुरण्याचा नाही. मुद्दा असा की समर्थनात ‘नमुन्यांची संख्या गुणिले नमुन्यामागील खर्च’ असे कोठेही लिहिलेले नाही, आणि ज्या रकमेमागे गुणाकार नाही ती रक्कम कोणीतरी डोळ्यांपुढे आलेली गोल संख्या म्हणून लिहिलेली असते. खऱ्या अंदाजातून उतरलेला आकडा सहसा गोल नसतो, आणि गोल केलाच तर तो कशावरून गोल केला ते सांगतो.

मनुष्यबळाच्या बाबीत एक बारीक खूण दिसते. अधिछात्राची रक्कम महिन्याला ३१,००० रुपयांनी छत्तीस महिन्यांची धरली आहे. हा दर २०१९ च्या सुधारणेतील होता. २०२३ च्या जानेवारीपासून कनिष्ठ अधिछात्राला ३७,००० आणि ज्येष्ठाला ४२,००० रुपये व घरभाडे भत्ता वेगळा असा दर लागू झाला. दोन वर्षांनंतर ज्येष्ठपद मिळते असे धरले तर तीन वर्षांची खरी रक्कम १३ लाख ९२ हजार येते, आणि लहान गावातील घरभाडे दहा टक्के धरले तर १५ लाख ३१ हजार २००. तूट चार लाखांहून अधिक आहे. पण त्याहून महत्त्वाचे हे की जुना दर जुन्या प्रस्तावातून आलेला असतो. तो दिसला की परीक्षकाने उरलेले पत्रकही नव्या उद्दिष्टांसाठी बनवलेले आहे की जुन्या कामाची प्रत आहे, हा प्रश्न मनात धरून पुढे वाचावे. याच ठिकाणी प्रमुख संशोधकाच्या वेळेचाही हिशेब पाहावा; जो आठवड्याला सोळा तास शिकवतो आणि आणखी दोन प्रकल्पांत आपला पाव-पाव वेळ दिल्याचे नोंदवतो, त्याच्याकडे या प्रकल्पासाठी महिन्याचे किती दिवस उरतात हे त्याला विचारणे अपमानकारक नाही.

दुसऱ्या उद्दिष्टाला दंतवैद्य लागतो. दातांवरील डागांची प्रतवारी करण्यासाठी डीन यांची १९४२ ची श्रेणी सर्वत्र वापरतात, पण ‘संशयास्पद’ आणि ‘अत्यल्प’ या पायऱ्यांत एकाच मुलाला दोन परीक्षक निरनिराळ्या पायरीवर बसवू शकतात. म्हणून दोघा प्रशिक्षित दंतवैद्यांनी आधी काही मुले स्वतंत्रपणे तपासून आपापल्या निर्णयांचा मेळ किती बसतो ते दाखवावे लागते. अर्जदाराच्या मनुष्यबळात रसायनशास्त्राचा अधिछात्र आणि साहाय्यक आहेत. दंतवैद्य कोठेही नाही. तो ‘किरकोळ’ खर्चातून येईल असे अर्जदाराच्या मनात असावे, आणि हीच किरकोळ खर्चाच्या गैरवापराची खूण आहे. ती तरतूद अकल्पित गोष्टींसाठी असते, जे काम उद्दिष्टात लिहिलेले आहे त्यासाठी नसते. दोन दंतवैद्य, तीस दिवस आणि दिवसाला तीन हजार मानधन धरले तर १ लाख ८० हजार होतात, आणि तेवढे मिळाल्याशिवाय दुसरे उद्दिष्ट हे केवळ वाक्य आहे.

या उद्दिष्टाचा काळही तपासण्यासारखा आहे. कालपत्रकात ‘दहावा ते बारावा महिना’ असे लिहिले आहे, पण पहिला महिना कोणता ते लिहिलेले नाही. प्रकल्प एप्रिलमध्ये सुरू झाला तर दहावा महिना जानेवारी येतो, आणि शाळा भरलेल्या असतात. पण मंजुरीचा आदेश आणि पहिला हप्ता एप्रिलपर्यंत क्वचितच पोचतो. जुलैपासून सुरुवात झाली तर हेच तीन महिने एप्रिल, मे आणि जून होतात. एप्रिलमध्ये परीक्षा, मे महिन्यात सुट्टी, आणि विदर्भातील उन्हामुळे जूनचाही मोठा भाग शाळा बंद. त्यात आणखी मानवी सहभागाच्या संशोधनासाठी नीतिसमितीची संमती, पालकांची लेखी संमती आणि मुलांची स्वतःची तयारी, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची परवानगी हे सारे आधी व्हायचे असते, आणि त्यासाठी पत्रकात एकही चौकट नाही. म्हणून परीक्षकाने प्रत्येक कालपत्रक दोन निरनिराळ्या प्रारंभ-महिन्यांवर बसवून पाहावे. जे पत्रक एकाच प्रारंभावर टिकते आणि दुसऱ्यावर कोसळते, ते संशोधनाचे वेळापत्रक नाही, शासकीय टपालावर लावलेली पैज आहे.

तिसऱ्या उद्दिष्टात जी विसंगती आहे ती पैशाने दूर होण्यासारखी नाही, आणि म्हणून ती सर्वांत गंभीर. दातांच्या वेष्टनावरील डाग हे त्या दाताची घडण चालू असताना, म्हणजे कायमच्या दातांच्या बाबतीत अक्कलदाढ वगळता साधारण आठव्या वर्षापर्यंत शरीरात गेलेल्या फ्लोराइडचे असतात. घडून निघालेल्या दातावरचा डाग पुढे पाणी कितीही शुद्ध मिळाले तरी जात नाही. तेव्हा शाळकरी मुलांच्या घरी दहा महिने गाळणी ठेवून दातांवरील विकार कमी झाला की नाही हे पाहणे छत्तीस महिन्यांतच नव्हे, त्या मुलांच्या बाबतीत कधीच शक्य नाही. जे मोजता येईल ते लघवीतील फ्लोराइड, आणि गाळलेल्या पाण्यातील फ्लोराइड. ॲल्युमिनाची धारणशक्ती मर्यादित असते. काही काळाने ती संपते आणि भुकटीचे पुनरुज्जीवन करावे लागते किंवा ती बदलावी लागते. अर्जदाराने गाळण्यांची किंमत धरली आहे, भुकटी बदलण्याची धरलेली नाही, आणि म्हणून पत्रकावर दहा महिने चालणारा प्रयोग प्रत्यक्षात भुकटी संपेल त्या दिवशी थांबतो. येथे परीक्षकाने उद्दिष्टाचेच शब्द बदलावयास सांगावे आणि त्यासाठी गाळण्यांच्या बाबीत एक लाख रुपये वाढवून द्यावे.

हे सर्व पुन्हा मांडून पाहिले तर काय होते? यंत्राऐवजी विद्युदग्राचे उपकरण २ लाख. पडताळणीसाठी शंभर नमुने दुसऱ्या विद्यापीठाच्या सामायिक यंत्रावर नमुन्यामागे दीड हजार दराने, म्हणजे दीड लाख. अधिछात्र १५ लाख ३१ हजार २००, साहाय्यक पूर्ववत ७ लाख २० हजार. लघवीची तपासणी धरून रसायनांसाठी ३ लाख, प्रवास ७ लाख, दंतवैद्य १ लाख ८० हजार, गाळण्या व भुकटी अडीच लाख, आणि किरकोळ दीड लाख. बेरीज ४१ लाख ८१ हजार २०० होते. मागणी तेरा लाखांनी उतरली आणि तरीही यंत्राखेरीज दुसऱ्या एकाही बाबीत कपात झालेली नाही, उलट बहुतेक वाढल्या आहेत. कालपत्रकही सावरते. जुलैची सुरुवात धरली, नेमणुका आणि लहान उपकरणाची खरेदी चार महिन्यांत झाली, तर पहिली फेरी नोव्हेंबरमध्ये म्हणजे पाचव्या महिन्यात होते. पुढे जानेवारी, मे आणि ऑगस्ट अशा आठ फेऱ्या सव्विसाव्या महिन्यात संपतात, आणि त्यांत दोन उन्हाळे व दोन पावसाळ्यानंतरचे काळ पूर्ण येतात. शाळांची पाहणी अठराव्या ते विसाव्या महिन्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, संमतीपत्रे हाती आल्यावर होते. सतराव्या महिन्याच्या फेरीनंतर जास्त फ्लोराइडची घरे ठरवून गाळण्या विसाव्या महिन्यापासून बसवता येतात, आणि अहवालाचे तीन महिने सोडूनही चार महिने मोकळे राहतात. ही मोकळीक चैन नाही.

ती चैन का नाही हे मानसशास्त्राच्या एका अभ्यासावरून कळते. काहनेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की माणूस कामाचा अंदाज बांधताना तेच काम पूर्वी इतरांना किती काळ लागले हे पाहत नाही. समोरच्या योजनेचे टप्पे मनात मांडतो आणि प्रत्येक टप्पा सुरळीत जाईल असे गृहीत धरतो. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा पुरा होईल हे विचारले. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. ‘सर्व काही वाईटात वाईट झाले तर किती’ असेही विचारले होते, आणि तो अंदाजसुद्धा ४८.६ दिवसांचाच निघाला. यातून परीक्षकाला एक कामाचा प्रश्न मिळतो. ‘हे वेळेत होईल काय’ असे विचारले तर अर्जदार प्रामाणिकपणे हो म्हणेल. त्याऐवजी ‘आपल्या मागील प्रकल्पात पहिला नमुना मंजुरीनंतर किती महिन्यांनी मोजला गेला’ असे विचारावे. त्या उत्तरात त्याची संस्था, तिचा भांडार-विभाग, तिची नेमणूक-समिती हे सारे बोलते.

परीक्षकाच्याही काही चुका येथे नोंदवणे कर्तव्य आहे. सर्वांत हानिकारक म्हणजे सरसकट कपात. मंडळात एखादा सदस्य ‘वीस टक्के कमी करा आणि मंजूर करा’ असे म्हणतो आणि सर्वांना ते समन्वयाचे वाटते. वरील प्रस्तावाला ती कपात लावली तर यंत्र चोवीस लाखांत येत नाही, अधिछात्राचे वेतन नियमाने ठरलेले असते, आणि म्हणून सारी कपात प्रवास आणि रसायने या दोन आधीच अपुऱ्या बाबींवर कोसळते. म्हणजे यंत्र उरते आणि ज्यासाठी ते मागितले ते नमुने उरत नाहीत. कपात करावयाचीच असेल तर कोणते उद्दिष्ट वगळले हे शिफारशीत लिहावे. मी एकदा असे लिहिले नाही. तीन वर्षांनी त्या प्रकल्पाच्या अंतिम अहवालात एक उद्दिष्ट ‘निधीअभावी’ सोडल्याचे वाचले, आणि ते उद्दिष्ट कोणी सोडायला लावले हे मला पक्के ठाऊक होते.

दुसरी मर्यादा ज्ञानाची आहे. जीपगाडीचे भाडे, दंतवैद्याचे मानधन, सामायिक यंत्रावरचा दर हे मी धरलेले आकडे पांढरकवड्याला वेगळे आणि पुण्याला वेगळे असू शकतात. अर्जदार तेथे राहतो, मी राहत नाही. म्हणून दरावर आक्षेप घेताना परीक्षकाने निर्णय न देता दरपत्रक मागावे. संख्येवर आणि क्रमावर मात्र त्याने ठाम राहावे, कारण ती अर्जदाराच्याच उद्दिष्टांतून निघालेली असतात आणि त्यांसाठी स्थानिक माहितीची गरज नसते.

अशा प्रस्तावावर मी जो अभिप्राय लिहीन त्यात ‘अंदाजपत्रक अवास्तव’ हे शब्द नसतील, कारण त्यांवरून अर्जदाराला काय बदलावयाचे ते कळत नाही. मी लिहीन की यंत्र कोणत्या उद्दिष्टासाठी हवे ते सांगावे, अन्यथा विद्युदग्राच्या पद्धतीने काम चालवावे. प्रवासाची रक्कम २४० गावभेटींच्या आधारे पुन्हा मांडावी. अधिछात्रवृत्ती चालू दराने धरावी. दंतवैद्यांची नावे, संमतीपत्रे आणि मानधन स्वतंत्र बाब म्हणून दाखवावे. कालपत्रक एप्रिल आणि जुलै अशा दोन्ही प्रारंभांवर द्यावे. आणि तिसऱ्या उद्दिष्टात दातांऐवजी लघवीतील व पाण्यातील फ्लोराइड हे मोजमाप घालून भुकटी बदलण्याचा खर्च जोडावा. या सुधारणांसह प्रस्ताव परत आला तर तो मंजूर करावा अशी शिफारस मी त्याच अभिप्रायात करून ठेवीन, म्हणजे पुढच्या बैठकीत मी नसलो तरी अर्जदाराचे वर्ष वाया जाणार नाही.